गल्ला, रांग आणि स्वागतिकेचे मूल्यमापन

दिवाळी जवळ आली की आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यांत कर्मचाऱ्यांच्या पगारवाढीचा विषय निघतो आणि बहुधा पाच मिनिटांत संपतो. "बाई चांगल्या आहेत, हसतमुख आहेत, सुट्ट्या फार घेत नाहीत," एवढ्यावर वाढ ठरते. किंवा "हल्ली लक्ष नसते, गल्ल्यात पैसे कमी येतात," एवढ्यावर ती अडते. बालकाच्या वजनवाढीचा आलेख महिन्यागणिक काढणारे आपण वैद्यक व्यावसायिक, ज्या व्यक्तीच्या हातून प्रत्येक बालक आपल्यापर्यंत पोहोचते तिचे मोजमाप मात्र स्वभावावरून करतो. माझा आक्षेप या सवयीला आहे. स्वागतिकेचे काम मोजता येते. फक्त काय मोजायचे आणि मोजलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे आधी ठरवावे लागते.

अचूकता, आगतस्वागत, रांगेची व्यवस्था आणि रोख रकमेची शिस्त, या चार बाजूंनी हे काम पाहण्याची रीत आहे. बँकेतल्या रोखपालालाही ती लागू पडते. परंतु या चारांना प्रत्येकी पंचवीस गुण देऊन बेरीज करणे मला मान्य नाही. गोड बोलण्याचे पंचवीस गुण चुकीच्या वजनाची भरपाई करू शकत नाहीत. शिवाय या चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एकीचे कौतुक फार केले की दुसरी ढासळते. "बेन किती भराभर काम उरकतात" असे सहा महिने म्हणत राहा, सातव्या महिन्यात केसपेपरवरच्या चुका वाढलेल्या दिसतील.

अचूकतेपासून आरंभ करू. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात स्वागतिका चार गोष्टी लिहिते: नाव, जन्मतारीख, वजन आणि दूरध्वनी क्रमांक. आमच्या बडोद्यात एकाच संध्याकाळी दोन 'आरव पटेल' येणे ही नवलाची गोष्ट नाही. मोबाइल क्रमांकावरून ओळख पटवू म्हणावे तर भावंडांचा क्रमांक एकच असतो आणि जुळ्यांची जन्मतारीखही एकच. म्हणून पूर्ण नाव आणि जन्मतारीख ही जोडी विचारणे हा किमान नियम; जुळे असतील तर केसपेपरवर तसे ठळक लिहिणे ही त्याची पुरवणी. हे तपासण्यासाठी आठवड्यातून एकदा वीस केसपेपर डोळे मिटून उचलावेत आणि जन्मतारीख ममता कार्डाशी किंवा लसीकरणाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावी. वजनाचे मात्र असे चालत नाही. कागदावरचे वजन दुसऱ्या कागदाशी जुळले, तर नक्कल बरोबर झाली एवढेच कळते. वजनच चुकीचे घेतले असेल तर दोन्ही कागद सारखेच चुकीचे असतात. म्हणून अधूनमधून चार-पाच मुलांचे वजन तपासणीच्या खोलीत पुन्हा करून पाहावे.

चुकांची संख्या मोजून थांबू नये. चुकीचा प्रकार पाहावा. ८.२ किलोचे बाळ ८२ लिहिले गेले तर ती चूक कोणालाही दिसते आणि म्हणूनच ती फारशी घातक नसते. भीती वाटते ती अंकांच्या अदलाबदलीची. १२.६ किलोच्या मुलाचे वजन १६.२ लिहिले गेले, तर दोन्ही आकडे दोन-चार वर्षांच्या मुलाला शोभणारे आहेत. घाईत आपल्यालाही शंका येत नाही. दर किलोला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने पॅरासिटामॉल १८९ मिलिग्रॅम द्यायचे ते २४३ होते. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असणाऱ्या औषधाचे पावणेचारच्या जागी जवळजवळ पाच मिलिलिटर जातात. प्रत्यक्षात दर किलोला १९ मिलिग्रॅमहून अधिक झाले, आणि दिवसातून चार वेळा दिले तर ७७. एखाद्या दिवसाने आकाश कोसळत नाही, परंतु ज्या औषधाची सुरक्षित मर्यादा याहून अरुंद आहे तिथे काय होईल हे मी व्यवसायबंधूंना सांगायला नको. या अदलाबदलीची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेजारचे दोन अंक उलटले की मूळ आकडा आणि चुकीचा आकडा यांतील फरकाला नऊने नेहमी पूर्ण भाग जातो. इथे १२६ आणि १६२ यांत फरक ३६. जमाखर्च लिहिणाऱ्या जुन्या मुनीमांना ही युक्ती ठाऊक असे. तिचा उपयोग पुढे पुन्हा होणार आहे.

आगतस्वागताबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याविषयी सगळेच भरभरून बोलतात. डॉक्टरांशी स्वागतिका कशी वागते यावरून काहीच ठरत नाही. खेड्यातून एकटी आलेली आजी, तिसऱ्यांदा दूरध्वनी करणारा घाबरा बाप आणि औषध कंपनीचा प्रतिनिधी यांच्याशी ती कशी बोलते ते ऐकावे. दूरध्वनीवर "डॉक्टर येतीलच" हे उत्तर कितीही मधुर असले तरी ते सौजन्य नव्हे. "आपला नंबर साधारण सात-वीसला लागेल" हे सौजन्य. आणखी एक गोष्ट आपल्या मराठी मंडळींसाठी. गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषा जाणणारी स्वागतिका मराठी कुटुंबाशी मराठीत बोलू लागली की जवळच बसलेल्या इतरांना वाटते, आता यांचा नंबर आधी लागणार. भाषा बदलू नये असे माझे म्हणणे नाही. ज्याची त्याची भाषा बोलणे हा तर तिचा गुण. पण अशा वेळी क्रमांक मोठ्याने आणि सर्वांना कळेल अशा भाषेत पुकारला गेला पाहिजे, म्हणजे संशयाला जागा उरत नाही.

आता रोख रक्कम आणि रांग यांकडे येतो. त्यासाठी एक खरा हिशेबच मांडतो. याच शहरातील एका तरुण सहकाऱ्याच्या दवाखान्यातला तो आहे आणि त्यांच्या संमतीने इथे देत आहे. सहा वर्षे काम करणाऱ्या आपल्या स्वागतिकेला दिवाळीनंतर कमी करण्याचे त्यांनी मनात योजले होते, दुसऱ्या एकीशी बोलणेही झाले होते. कारण एकच: मागील महिन्यात गल्ल्यात १,४०० रुपये कमी भरले. "रक्कम लहान आहे, सर, पण विश्वास उडाला," असे ते मला म्हणाले. मी त्यांच्याकडे त्या महिन्याचा रोजमेळ, पावतीपुस्तके आणि बँकेचे विवरण मागितले आणि एका रविवारी आम्ही दोघे ते घेऊन बसलो.

महिन्याची एकूण तूट हा आकडा मूल्यमापनासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. दर दिवसाचा फरक वेगळा मांडावा लागतो, आणि तूट तसेच जादा दोन्ही आपापल्या चिन्हासह. सुदैवाने त्या बेनने रोज रात्री नोटांचा तपशील लिहून फरक नोंदवला होता. पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, अशी ती चिठ्ठी पावतीपुस्तकाला टाचलेली होती. सकाळी सुट्ट्यांसाठी ठेवलेले दोन हजार रुपये वेगळे दाखवले होते. रद्द झालेल्या पावत्यांच्या दोन्ही प्रती जागेवर होत्या आणि पावत्यांचे क्रमांक सलग होते. जिथे चोरी होते तिथे सहसा या गोष्टींपैकी एखादी तरी नसते. ही माझी पहिली नोंद होती.

महिन्यात कामाचे दिवस २६, व्यवहार सुमारे ७८०. सतरा दिवस फरक शून्य. पाच दिवस फरक दहा-वीस रुपयांचा, कधी कमी तर कधी जादा: वजा २०, अधिक १०, वजा १०, अधिक २०, वजा १०. उरले चार दिवस. एका दिवशी ९० रुपये कमी, दोन दिवशी प्रत्येकी ४०० कमी आणि एका दिवशी ५०० कमी.

फरकाचा आकडा आपली हकिगत स्वतःच सांगतो, फक्त ती वाचावी लागते. दहा-वीसचा, दोन्ही दिशांना हेलकावणारा फरक हा मोड देताना होणारा मानवी फरक असतो. ९० ला नऊने भाग जातो, म्हणून अंकांची अदलाबदल शोधली. तपासणी आणि लहानसा उपचार मिळून ४५० रुपयांची पावती रोजमेळात ५४० अशी उतरली होती. पैसे गेलेच नव्हते. ४०० हा आकडा त्या दवाखान्याच्या तपासणी शुल्काइतका. फरक नेमका एका शुल्काएवढा असेल तर पावती दोनदा नोंदली गेली असावी किंवा यूपीआयने आलेले पैसे रोख रकान्यात लिहिले गेले असावेत. बँकेचे विवरण उघडले तेव्हा त्या दोन्ही दिवशी खात्यात रोजमेळातल्या यूपीआय जमेपेक्षा बरोबर ४०० रुपये जास्त आले होते. राहिले पाचशे. पूर्ण शेकड्यातला एकाकी फरक म्हणजे बहुधा कोणीतरी नोट उचलली आणि चिठ्ठी लिहिली नाही. माझ्या सहकाऱ्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "त्या दिवशी चालकाला पेट्रोलसाठी मीच काढून दिले होते." त्यांची चिठ्ठी अर्थातच नव्हती.

नव्वद, आठशे आणि पाचशे मिळून १,३९० रुपये झाले. महिनाभराच्या ७८० व्यवहारांत जिचा ठावठिकाणा लागला नाही अशी तूट दहा रुपयांची. त्या दहा रुपयांच्या बाईला घालवून नवी माणसे शिकवण्याचा खर्च आम्ही मांडून पाहिला नाही. गरज वाटली नाही.

तरीही तिच्या हातून लिहिण्याच्या तीन चुका झाल्या होत्या, त्या नाकारून चालणार नाही. त्या तिन्ही संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यानच्या होत्या. पावत्यांवर वेळ छापलेली असल्यामुळे हे कळले. त्या तासात रांग सर्वांत लांब, दूरध्वनी अखंड आणि दोन पालक एकाच वेळी पैसे देत असतात. टेबलावरचे बोलके यंत्र "चारशे रुपये प्राप्त" म्हणते तेव्हा ते कोणाचे, हे उघड नसते. काही वेळा पालक केवळ मोबाइलवरचे चित्र दाखवून निघून जातात. ते चित्र जुने किंवा बनावट असू शकते. म्हणून नियम असा की एका पालकाची पावती पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याचा मोबाइल पुढे येऊ द्यायचा नाही, आणि पैसे आल्याची खात्री दवाखान्याच्या स्वतःच्या मोबाइलवर झाल्यावरच यूपीआयच्या रकान्यात खूण करायची. रात्री या रकान्याची बेरीज बँकेच्या जमेशी ताडायची. रोख मोजून थांबणारा दवाखाना आता अर्धाच हिशेब तपासतो.

इथे माझे एक आग्रही मत नोंदवतो. पुष्कळ ठिकाणी तूट आली की ती स्वागतिकेच्या पगारातून कापतात. बँकेतही रोखपालाकडून तूट वसूल होते, असा दाखला त्यासाठी दिला जातो. परंतु बँकेत रोख हाताळण्याच्या जबाबदारीबद्दल विशेष वेतन मिळते आणि जादा निघालेली रक्कम वेगळ्या खात्यात जमा होते. आपण यांपैकी काहीच करत नाही आणि फक्त कापतो. याचा परिणाम ठरलेला आहे. ज्या दिवशी वीस रुपये जादा निघतात, ते ती टेबलाच्या खणात ठेवते आणि ज्या दिवशी कमी पडतात तेव्हा भरते. मग रोजमेळ रोज शून्यावर जुळतो आणि डॉक्टर खूश होतात. चार-चार महिने एकही दिवस एका रुपयाचाही फरक नाही, असा रोजमेळ मला कोणी दाखवला तर मी त्यावर कमी विश्वास ठेवीन. दिवसाला तीस जणांना मोड देणाऱ्या हाताकडून ते घडत नाही. प्रामाणिकपणे लिहिलेला लहान फरक हा शिस्तीचा पुरावा आहे आणि मूल्यमापनात त्याला गुण मिळाले पाहिजेत.

रोजमेळ मिटवण्यापूर्वी मी सहकाऱ्यांना नोंदवहीचा दुसरा रकाना दाखवला. आल्याची वेळ आणि आत गेल्याची वेळ त्यांच्याकडे लिहिली जात होती, मात्र कोणी ती पाहत नव्हते. सर्वसाधारण प्रतीक्षा ४५ मिनिटांची. हा आकडा स्वागतिकेच्या पदरी घालणे अन्यायाचे आहे, कारण डॉक्टर सहाऐवजी साडेसहाला आले तर जगातील कोणतीही बेन ती अर्धी तास भरून काढू शकत नाही. तिच्या हाती काय असते? क्रम राखणे, विलंब झाला तर तो सांगणे आणि ज्याला थांबवू नये त्याला न थांबवणे. तेव्हा रांगेचे मोजमाप सरासरीने करू नये. आजारी मुलांच्या प्रतीक्षेने करावे. महिन्यात ज्या ज्या मुलाला आपण थेट रुग्णालयात पाठवले किंवा दवाखान्यातच तातडीचे उपचार दिले, तेवढीच नावे काढायची आणि ते मूल बाहेर किती मिनिटे बसले होते ते पाहायचे.

अशी चार नावे निघाली. धाप लागलेली दोन मुले आणि आकडी येऊन गेलेले एक, ही तिन्ही दहा मिनिटांच्या आत डॉक्टरांसमोर होती. बेनची नजर चांगली होती. चौथे बाळ पाच आठवड्यांचे, तापाचे. ते ५० मिनिटे आईच्या मांडीवर बसून होते. ते रडत नव्हते, म्हणून आईला वाटले झोपले आहे. आई विचारायला उठली नाही, म्हणून बेनला वाटले घाई नाही. बाळ रुग्णालयातून बरे होऊन घरी आले, पण डॉक्टरांना त्या सायंकाळी ही ५० मिनिटे ठाऊकही नव्हती. गल्ल्यातले चौदाशे मात्र रोज डोळ्यांपुढे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या 'ईटॅट' या पद्धतीत आलेल्या मुलांचे तीन गट करतात: तत्काळ, अग्रक्रमाचे आणि रांगेत थांबू शकणारे. दोन महिन्यांच्या आतील आजारी अर्भक अग्रक्रमात येते, ते कसेही दिसत असो. श्वासाचा त्रास, गुंगी किंवा निळसरपणा ओळखायला सराव लागतो आणि स्वागतिकेला तो किती साधेल याला मर्यादा आहे. परंतु दोन महिन्यांचा निकष ओळखायला वैद्यकीय ज्ञान मुळीच लागत नाही, जन्मतारीख लागते. त्या नोंदवहीत बेनने '१ म.' असे वय अगदी बरोबर लिहिले होते. '१ म.' लिहिले की उठून आत यायचे, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. म्हणून हा तिचा दोष न धरता शिकवण्याची बाब म्हणून नोंदवावा, असे मी सुचवले.

क्रम बदलल्यावर कारण लिहिण्याचा एक अरुंद रकानाही आम्ही नोंदवहीत आखला. तो वाचताना आपण चाचण्यांना लावतो तीच दृष्टी लावावी. बेनने पुढे पाठवलेली दहा मुले तपासून सहा किरकोळ निघाली, तर कुरकुर करू नये. तेवढी सहा मिनिटे कोणाची तरी वाट लांबते, इतकेच. एक आजारी मूल बाहेर राहिले तर ते मात्र मोजावे. डॉक्टरांच्या दूरध्वनीवरून ज्यांना आधी सोडले जाते, त्यांच्यापुढेही याच रकान्यात कारण लिहायचे, आणि ते 'डॉक्टरांची ओळख' असेच लिहायचे. बाहेर ताटकळणाऱ्यांचे टोमणे बेनलाच ऐकावे लागतात आणि वर्षाअखेरीस रांग नीट सांभाळत नाही असा शेराही तिलाच मिळतो.

सहकाऱ्यांनी ठरवलेली वाढ दिली. गल्ल्यातून कोणीही, त्यांनी स्वतःसुद्धा, चिठ्ठीशिवाय नोट काढायची नाही असे ठरले. नोंदणी करताना वयाऐवजी जन्मतारीख आधी विचारायची आणि दोन महिन्यांच्या आतील बाळ असेल तर केसपेपरवर तांबड्या शाईने वर्तुळ करून तो कागद थेट आत आणून द्यायचा, हेही ठरले. पुढच्या महिन्यात रोखीचा एकूण फरक वजा तीस रुपये आला. दोन महिन्यांच्या आतील नऊ आजारी बाळे आली. त्यांतील सर्वांत लांबलेली प्रतीक्षा सात मिनिटांची होती.

मूल्यमापनाचा कागद पुढे ठेवल्यावर बेनने तो नीट वाचला आणि एकच मागणी केली: सात ते आठ या तासात दूरध्वनी दुसऱ्या कोणीतरी उचलावा. तिच्या तिन्ही चुका त्याच तासातल्या आहेत हे लक्षात घेतले तर मागणी रास्त आहे. सहकाऱ्यांनी ती अद्याप मान्य केलेली नाही; त्या तासासाठी अर्धवेळ मुलगी ठेवण्याचा खर्च त्यांना जड वाटतो. मला तो वाटत नाही, आणि मी त्यांना तसे कळवले आहे.